किल्ल्यावर मोकळी हवा आणि खाली धुराची चादर : ग्वाल्हेरच्या हिवाळी सकाळी असं का होतं?

रेखा_लष्कर
मंडळी, गेल्या रविवारी सकाळी बाबांना (वय ७४, दमा आहे) घेऊन किल्ल्यावरच्या गुरुद्वाऱ्यात गेले होते. स्कूटरवर उरवाई गेटपर्यंत मफलर, मोजे, दोन स्वेटर, तरी दात वाजत होते आणि डोळे चुरचुरत होते, बाबांना सारखा खोकला. चढ चढून शेवटच्या वळणाला आलो आणि एकदम हवा बदलली. म्हणजे अक्षरशः कोणी दार उघडल्यासारखी. वर थंडी कमी, वास नाही, बाबांचा खोकला थांबला.

मग पूर्वेच्या तटावरून खाली बघितलं. किला गेटजवळ एका टपरीवाल्याने कोळशाची भट्टी पेटवली होती, वारा अजिबात नव्हता, धूर दोरीसारखा सरळ वर आला आणि मग एका उंचीवर मोडला आणि आडवा पसरत गेला, जणू वर काच आहे. बाजूच्या गल्लीतल्या शेकोटीचा धूरही तिथेच थांबला. सगळ्या जुन्या शहरावर एकाच पातळीवर करडा पट्टा.

शाळेत शिकलो की वर जावं तसं थंड होतं आणि गरम धूर वर जातो. इथे दोन्ही उलटं. वर उबदार कसं आणि धूर थांबला कशामुळे? आणि बाबा रोज पहाटे ६ ला फिरायला जातात, ते बरोबर आहे का?

बाबूराव_मोरार
सोपं आहे ताई. थंडीत हवा जड होते, जड हवा खाली बसते आणि धुराला दाबून ठेवते. त्यात कोहरा पडला की अजून दाबते. आमच्या मोरारला तर नदीकडून येतं सगळं.

स्वप्ना७९
आमच्या मोबाईलवर काल २८० दाखवत होतं. बेडरूमसाठी प्युरिफायर कुठला घ्यावा? १२ बाय १४ ची खोली आहे, फिल्टर किती महिन्यांनी बदलावा लागतो ते पण सांगा.

रेखा_लष्कर
स्वप्नाताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, तिथे जास्त लोक सांगतील.

बाबूराव, पण जड हवा तर खाली होती आणि धूर तिच्यातूनच वर आला. दाबणारी हवा वर हवी ना? वरची तर उबदार होती, म्हणजे हलकी. हलकी हवा दाबेल कशी?

फुगेवाला_नाना
रेखा, तुझ्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. मी हवामान खात्यात बरीच वर्षं पहाटेचे फुगे सोडले, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांब लिहितो.

आधी ऊब. किल्ल्यावर ऊब आलेली नसते, खालची गेलेली असते. आकाश निरभ्र असलं की सूर्य मावळायच्या आधीपासूनच जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडायला लागते. जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार पडते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, म्हणून हा गारवा आपणहून वर चढत नाही, वारा ढवळेल तरच चढतो. वारा नसला तर रात्रभर खालचे पन्नास-शंभर मीटर गार होत राहतात आणि त्याच्यावरची हवा साधारण काल संध्याकाळी होती तशीच राहते. तू स्कूटरवरून त्या गार थरातून वर निघालीस आणि कालच्या संध्याकाळच्या हवेत पोचलीस.

आता धूर. धूर वर जातो तो गरम असतो म्हणून नाही, भोवतालच्या हवेपेक्षा गरम असतो म्हणून. भट्टीतून निघताना तो खूप तापलेला असतो, पण चढताना भोवतालची थंड हवा ओढून घेत जातो आणि दहा-वीस मीटरमधे त्याच्यात धूर थोडा आणि गल्लीतली हवाच जास्त अशी गत होते. शिवाय वर चढणारी हवा फुगते आणि फुगताना दर शंभर मीटरला जवळपास एक अंश गार होते. म्हणजे धूर गार होत वर चाललाय आणि भोवतालची हवा मात्र वर जावं तशी गरम होत चाललीय. कुठेतरी दोघांचं तापमान सारखं होणारच. तिथे धूर हलका राहत नाही आणि थांबतो. अजून वर ढकललास तर तो भोवतालपेक्षा जड होऊन परत खाली येईल.

त्यामुळे बाबूराव, 'जड हवा खाली' इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण वरून कोणी दाबत नाही, धुराचा वर जायचा जोरच संपतो. आम्ही ह्याला इन्व्हर्जन म्हणायचो, मराठी पुस्तकांत तापमानाची विपरीतता म्हणतात.

बाबूराव_मोरार
नाना पटलं. पण कोहऱ्याचं काय? कोहरा असतो तेव्हाच जास्त गुदमरतं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

फुगेवाला_नाना
तो अनुभव खोटा नाही. पण कोहरा आणि साठलेला धूर ही एकाच रात्रीची दोन लेकरं आहेत, एक दुसऱ्याचा बाप नाही. शांत, निरभ्र, ओली रात्र असली की दोन्ही होतात. नुसती कोरडी असली तर कोहरा नाही पण धूर साठतोच.

देवधर_डोनोरा
(आयडीवरून लक्षात आलं असेल, ह्या विषयावर पूर्वी खूप वाचलंय.) पण मला एक शंका आहे. ह्या गोष्टी दरीतल्या शहरांच्या म्हणून सांगतात. अमेरिकेत डोनोरा म्हणून गाव आहे, नदीच्या वळणावर, दोन्हीकडे शंभर-सव्वाशे मीटरच्या टेकड्या, गावात जस्ताचा आणि पोलादाचा कारखाना. ऑक्टोबर १९४८ च्या शेवटच्या आठवड्यात तिथे पाच दिवस हवा हललीच नाही, २० माणसं गेली, ३१ तारखेला पाऊस आला तेव्हा सुटका झाली. पण ग्वाल्हेर काही दरी नाही. एक लांबट टेकडी मधोमध आणि आजूबाजूला थोड्या टेकड्या, मोरारच्या बाजूने तर मोकळंच. मग इथे का साठावं?

फुगेवाला_नाना
देवधर, प्रश्न चांगला आहे. टेकडी किती उंच हे एकटं बघू नका, धूर जिथे अडतो ते झाकण किती उंचीवर आहे त्याच्याशी तुलना करा. दुपारी हवा हजारेक मीटरपर्यंत ढवळली जाते, तेव्हा किल्ल्याची शंभर मीटरची टेकडी म्हणजे परातीतला खडा. पहाटे झाकण ऐंशी मीटरवर असलं तर तीच टेकडी जमिनीपासून छतापर्यंतची भिंत होते. दिवसा जिला कोणी विचारत नाही ती टेकडी पहाटे शहराचे कप्पे पाडते.

दरीत अजून एक होतं. उतारावरची गार हवा पाण्यासारखी घरंगळून तळाशी जमते, त्यामुळे तळातला थर जाड आणि जास्त गार होतो. सूर्यही तिथे उशिरा पोचतो. डोनोराला हे सगळं होतं, वर ढवळणारा वारा दिवसाही आला नाही, म्हणून पाच दिवस चाललं. आपल्याकडे बहुतेक दिवशी दुपारपर्यंत सुटतं. पूर्ण दरी नसून एवढं होतं, तर काठमांडूसारख्या वाटीत काय होत असेल बघा.

वडोदऱ्याची_मीनल
आमचं वडोदरं तर सपाट ताटासारखं. तरी एक कोडं आहे. घर शहराच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूला आहे. हिवाळ्यात पहाटे पाचला दूध घ्यायला जाते तर काही वास नाही, आणि मुलांना शाळेत सोडून नऊ-साडेनऊला परत येते तेव्हा घसा धरेल असा उग्र वास, अर्धा-पाऊण तास, मग परत काही नाही. सोसायटीत सगळे म्हणतात कारखाने नऊला गॅस सोडतात. खरं असेल का?

फुगेवाला_नाना
मीनल, सोडतही असतील, मी इथून कसं सांगू. पण कोणी नऊला मुद्दाम काही न सोडताही हे होऊ शकतं. उंच चिमणीचं तोंड पहाटे त्या खालच्या थराच्या वर असतं. धूर झाकणाच्या वरच्या बाजूला बाहेर पडतो आणि आडवा पट्टा होऊन रात्रभर डोक्यावरून वाहतो, खाली तुला पत्ता नाही. सूर्य आला की जमीन तापते आणि ढवळणं खालून सुरू होतं, पन्नास मीटर, शंभर, दीडशे. ते ढवळणं ज्या क्षणी त्या पट्ट्याला भिडतं त्या क्षणी साठलेलं सगळं तुमच्या गच्चीवर उतरतं. मग थर अजून वाढतो, विरळ होतं, वास जातो.

ओळखायचं कसं? निरभ्र आणि कडक थंडी असेल त्या दिवशीच वास येतो का, आणि ढगाळ किंवा वाऱ्याच्या सकाळी येत नाही का, हे पंधरा दिवस वहीत लिहून ठेव. हवा बघून वास येत असेल तर हेच कारण. हवा कशीही असली तरी ठोक्याला नऊ वाजता येत असेल तर सोसायटीवाल्यांचं बरोबर.

वडोदऱ्याची_मीनल
वही उद्यापासून.

इंदू_भोपाळ
वाचता वाचता १९८४ आठवलं. २ डिसेंबरची रात्र पण अशीच थंड, निरभ्र होती. आम्हाला नंतर सांगितलं की तो गॅस हवेपेक्षा दुप्पट जड होता म्हणून खाली राहिला. मग ह्या तुमच्या झाकणाचा काही संबंध नाही का?

फुगेवाला_नाना
इंदूताई, दोन्ही होतं. गॅस जड होताच. पण जड गॅसही ढवळणाऱ्या हवेत विरळ होतो, साखर पाण्यापेक्षा जड असली तरी ढवळली की मिसळते तशी. त्या रात्री हळू वारा होता आणि वर-खाली ढवळणं जवळपास बंद, म्हणून तो वस्तीवरून जमिनीलगत, विरळ न होता सरकत गेला. दुपार असती तर किती फरक पडला असता ह्याबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यासमोर 'असतं तर' म्हणायला जीभ उचलत नाही.

रेखा_लष्कर
नाना, ह्या रविवारी मी मोजायचं ठरवलंय. धाकटा दीर तयार आहे. बाजारातले दोन साधे डिजिटल थर्मामीटर घेतलेत. तो खाली, मी वर, दर पाऊण तासाने फोन. काय सांभाळू?

फुगेवाला_नाना
शाब्बास. तीन गोष्टी. एक, दोन्ही थर्मामीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेव आणि सकाळी किती फरक दाखवतात ते बघ, तो नंतर वजा कर. दोन, दगडावर, तटावर ठेवू नकोस, दोरीला बांधून हात लांब करून धर, छातीच्या उंचीवर, ऊन लागू देऊ नकोस, पाच मिनिटं थांबून वाच. तीन, दिराला उरवाईला उभं करू नकोस. ती पश्चिमेची घळ आहे, किल्ल्याच्याच सावलीत उशिरापर्यंत गार राहते. किला गेटला पूर्वेला उभा कर.

रेखा_लष्कर
झालं मोजून! आधीच सांगते, टेबलावर दोघांत ०.४ चा फरक होता, तो काढून टाकलाय. उंचीचा फरक नकाशावरून सुमारे ९० मीटर धरला. आकाश स्वच्छ, तटावरच्या झाडाचं पान हलत नव्हतं.

पावणेसात : खाली ५.८, वर ९.६
साडेसात : खाली ५.९, वर ९.६
सव्वाआठ : खाली ७.४, वर १०.०
नऊ : खाली ९.८, वर १०.६
पावणेदहा : खाली १२.४, वर ११.५

पहिला फोन झाला तेव्हा दीर म्हणाला वहिनी थट्टा करतेस का, चार अंशांचा फरक! आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साडेनऊपर्यंत मी वर एकदम स्वच्छ हवेत होते, खालचा पट्टा हळूहळू जाड होत वर सरकताना दिसत होता आणि पावणेदहाच्या सुमाराला मलाच तटावर जळक्या कोळशाचा वास आला. समोरचं हजिरा धुरकट झालं. वर घाण होत असताना खाली दिराला मात्र जरा बरं वाटायला लागलं होतं.

फुगेवाला_नाना
रेखा, हे वाचून मी उठून बसलो. तुझ्या आकड्यांवरच हिशोब करू. खालची हवा ९० मीटर वर उचलली तर ती ०.९ अंश गार होणार. म्हणजे तिला तटापर्यंत यायचं असेल तर खाली ती वरच्यापेक्षा निदान ०.९ ने गरम हवी. पावणेसातला वर ९.६, म्हणजे खाली १०.५ हवं होतं, होतं ५.८. चालणारच नाही. नऊला वर १०.६, खाली ११.५ हवं, होतं ९.८. अजून नाही, पण आता पावणेदोन अंशच कमी. पावणेदहाला वर ११.५, खाली १२.४ हवं, आणि बरोबर १२.४ आहे. त्याच वेळी तुला वास आला. तुझ्या नाकाने आणि थर्मामीटरने एकच वेळ सांगितली.

एवढं अचूक जुळणं थोडं नशिबाचंही आहे हं. साध्या थर्मामीटरमधे अर्धा अंश इकडेतिकडे होतोच, आणि किल्ल्यावरची हवा म्हणजे मोकळ्या आकाशातली त्याच उंचीवरची हवा नव्हे, ती दगडाला टेकलेली असते. पुढच्या वेळी वीस मिनिटं पुढेमागे झालं तर निराश होऊ नकोस.

प्रश्नकर्ता_इंदूर
मस्त धागा. पण मला एक कळलं नाही. सगळ्यात थंड पावणेसातला, झाकण तेव्हा सगळ्यात घट्ट. मग मोबाईलवरचे आकडे ८-९ ला का चढतात? इंदूरला पण असंच दिसतं.

फुगेवाला_नाना
झाकण म्हणजे डब्याची उंची, पण डब्यात काय टाकताय तेही हवं ना. पावणेसातला झाकण घट्ट पण रस्ते रिकामे. आठ-नऊला शाळेच्या बस, ट्रक, भट्ट्या, नाश्त्याच्या गाड्या सगळं सुरू, आणि झाकण अजून पुरतं उठलेलं नाही. रेखाचाच तक्ता बघा, नऊला खालची हवा अजून तटाला पोचत नव्हती. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. सूर्य मावळायच्या जरा आधीपासून झाकण बसायला लागतं आणि नेमकी गर्दी तेव्हाच.

बाबूराव_मोरार
मी पण गुरुवारी माझा थर्मामीटर घेऊन किल्ल्यावर गेलो, नातू खाली. दाट कोहरा होता, हाताला हात दिसत नव्हता. सातला खाली ८.४, वर ७.७. म्हणजे वर थंड! रेखाताईंच्या उलट. आणि घुसमट मात्र भरपूर, वरसुद्धा. आता सांगा नाना, तुमचं झाकण कुठे गेलं?

रेखा_लष्कर
हो नाना, हे कसं? मी पण चक्रावले.

फुगेवाला_नाना
बाबूराव, हे तुम्ही फार मोलाचं मोजलंत. झाकण तुमच्या डोक्यावर गेलं. कोहरा दाट झाला की आकाशाकडे उष्णता सोडण्याचं काम जमीन करत नाही, कोहऱ्याचा वरचा पृष्ठभाग करतो. तो वरून गार होतो, ती गार हवा खाली उतरते आणि कोहऱ्याच्या आत ढवळणं सुरू होतं. त्यामुळे आत तापमान नेहमीसारखं वर जावं तसं कमी होतं आणि उलटा थर कोहऱ्याच्या माथ्यावर जाऊन बसतो. त्या दिवशी माथा किल्ल्याच्याही वर होता, म्हणून वरही धूर. डबा उंच झाला खरा, पण कोहरा सूर्य जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून झाकण पावणेदहाला न उठता बारा-एकपर्यंत तसंच राहतं, कधी दिवसभर. तुमचा चाळीस वर्षांचा अनुभव इथे बसतो. कोहरा दाबत नाही, सुटका लांबवतो.

खात्री करायची असेल तर आपल्या ग्वाल्हेरहूनच फुगा सुटतो. पहाटे साडेपाचचे आकडे weather.uwyo.edu वर मिळतात, स्टेशन नंबर 42361. उंची आणि तापमान हे दोनच रकाने बघा. मात्र खालच्या ओळींमधे अंतर बरंच असतं, साठ-सत्तर मीटरचा पातळ थर दोन ओळींच्या मधे निसटूही शकतो. तिथे तुमची दोरी आणि थर्मामीटर जास्त बारीक बघतात.

बाबूराव_मोरार
म्हणजे मी पण बरोबर आणि तुम्ही पण. चालेल :)

शोभा_दौलतगंज
पण आमच्या लहानपणापासून सांगतात की पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध. माझे सासरे नव्वद वर्षं जगले, रोज पहाटे साडेचारला छत्री मैदानावर जायचे. ते काय चुकीचं होतं का?

देवधर_डोनोरा
शोभाताई, खेड्यात आणि त्या काळच्या शहरात ते बरोबरच असणार. डबा लहान असला तरी त्यात घाण टाकणारं कोणी नसेल तर हवा शुद्धच. डबा तोच आहे, भरणारे वाढलेत.

शोभा_दौलतगंज
त्या काळी पण घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या की. सासूबाई पाचला शेगडी अंगणात आणून पेटवायच्या, आख्खी गल्ली पांढरी व्हायची. मला हे तुमचं पूर्ण पटलं नाही.

फुगेवाला_नाना
शोभाताईंचा मुद्दा मला सोडून देता येत नाही. शेगड्या होत्या, आणि तेव्हा मोजणारं कोणी नव्हतं. साडेचार हे शेगड्यांच्या आधी होतं एवढं मात्र खरं.

रेखा, तुझ्या मूळ प्रश्नाचं राहिलंच. बाबांसाठी हिवाळ्यात दुपारी ३ ते ४. डबा तेव्हा सगळ्यात उंच असतो आणि संध्याकाळचं झाकण बसायचं असतं. सकाळीच जायचं असेल तर अकराच्या आधी नको, कोहऱ्याच्या दिवशी अजून उशिरा. पहाटे किल्ल्यावर जाणं हा निरभ्र दिवशी उपाय आहे, पण चढताना तो अख्खा थर ओलांडावा लागतो आणि दम्याच्या माणसाला चढ. औषधांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचार.

प्रश्नकर्ता_इंदूर
नाना, अजून एक. बाड्यासारख्या दाट वस्तीत दगडी इमारती रात्रभर ऊब सोडतात. तिथे हा थर पातळ नसेल का? की जमिनीपासून थोडा वर उचललेला?

फुगेवाला_नाना
वर उचललेला असायला हवा, खाली वीस-तीस मीटर ढवळलेली हवा आणि मग झाकण. पण बाड्यावर मी कधी मोजलं नाही. बाहेर मोकळ्या मैदानात आणि बाड्यावर एकाच वेळी मोजलं तर कळेल.

रेखा_लष्कर
बाबांशी काल बोलले. आधी म्हणाले, पहाटेची मंडळी काय दुपारी येणार आहेत का. मग हा तक्ता दाखवला, चष्मा लावून दोनदा वाचला, ५.८ आणि ९.६ वर बोट ठेवून बसले. आज साडेतीनला गेले, बरोबर जोशीकाका पण.

रविवारी बाड्यावर मी उभी राहते, मेळा ग्राउंडला दीर. किल्ल्यावर तिसरा माणूस हवा, थर्मामीटर आमच्याकडे जास्तीचा आहे.

बाबूराव_मोरार
किल्ल्यावर मी. साडेसहाला पोचतो. मात्र शनिवारी रात्री तिन्ही थर्मामीटर एका टेबलावर ठेवायचे आहेत, त्यासाठी माझा आधी तुमच्याकडे आणून देतो.